नऊ गोदामांचं एक केलं, तर साठा किती उरतो?

जून २०१७ पर्यंत देशातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचा माल कुठे कुठे पडून असायचा हे पाहिलं, तर एक गोष्ट चटकन लक्षात यायची. पंखे असोत, रंगाचे डबे असोत की साबण, जवळपास प्रत्येक राज्यात कंपनीचा एक डेपो असायचाच. तो चालवायचा कमिशनवर काम करणारा सी अँड एफ एजंट. कोल्हापूरहून निघालेला ट्रक दिवसाभरात पणजीला पोचतो, तरी गोव्याचा माल गोव्याच्या डेपोतून आणि कोल्हापूरचा माल महाराष्ट्राच्या डेपोतून जायचा.

अंतराशी याचा फारसा संबंध नव्हता. कारण होतं करात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. खरेदीदार व्यापाऱ्याने फॉर्म सी दिला, तर शेवटच्या वर्षांत त्याचा दर २ टक्के होता. हे २ टक्के व्यापाऱ्याला पुढच्या करातून वळते करून घेता येत नसत, म्हणजे तो खर्चच. मात्र कंपनीने आपलाच माल आपल्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोत हलवला, तर ती विक्री ठरत नसे. फॉर्म एफ भरायचा, माल डेपोत उतरवायचा आणि तिथून स्थानिक व्हॅट लावून विकायचा. त्या व्हॅटची वजावट व्यापाऱ्याला मिळत असे. दोन टक्के वाचवायला कुठला उद्योजक नको म्हणेल? राज्यागणिक डेपो उभे राहिले.

मुंबईपुरती आणखी एक भर होती, जकातीची. मुलुंड किंवा दहिसरचा नाका ओलांडून माल आत आणला की जकात भरावी लागे. मग माल नाक्याबाहेरच ठेवायचा आणि ऑर्डर येईल तसा आत सोडायचा. भिवंडीजवळच्या मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शेतजमिनींवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यात नाशिक महामार्गाइतकाच या जकातीचाही हात होता.

१ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला. केंद्रीय विक्रीकराचं ओझं उतरलं, मुंबईची जकात गेली. उलट आता स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोत माल हलवला तरी कर भरावा लागतो. त्याची वजावट मिळते, पण माल विकला जाईपर्यंत ती रक्कम अडकून पडते. डेपो राखण्याचं जुनं कारण संपलं, एवढंच नव्हे तर डेपो राखणं थोडं महागच झालं. तेव्हापासून अनेक कंपन्यांच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार आला आहे: इतक्या गोदामांऐवजी एकच मोठं गोदाम केलं, तर साठा किती कमी होईल?

याचं उत्तर एका छोट्या सूत्रात आहे. सूत्र खरं आहे, पण ते ज्या अटींवर खरं आहे त्या बैठकीत क्वचितच वाचल्या जातात.

मिक्सर बनवणारी एक कल्पित कंपनी घेऊ. तिचे नऊ डेपो आहेत: भिवंडी, अहमदाबाद, इंदूर, रायपूर, जयपूर, हैदराबाद, बेंगळुरू, विजयवाडा आणि चेन्नई. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक डेपोतून एका मॉडेलचे आठवड्याला सरासरी १०० नग जातात असं धरू. खऱ्या आयुष्यात भिवंडी आणि रायपूर सारखे नसतात. ते पुढे पाहू.

सरासरी १०० म्हणजे दर आठवड्याला १०० नव्हे. एखाद्या आठवड्याचे आकडे असे येतील: १४२, ६१, ९८, १३०, ७५, ११८, ५४, १०९, १२७. भिवंडीच्या एजंटाने ४२ जादा नगांसाठी फोनवर फोन लावलेले असतात, तर बेंगळुरूचा एजंट ४६ नग अंगावर राहिले म्हणून कुरकुरत असतो. प्रत्येकाची चूक, वर असो वा खाली, नुसती मोजत गेलं तर बेरीज २३८ भरते. पण नऊ आकड्यांची बेरीज केली तर? ९१४. अपेक्षा ९०० ची, म्हणजे चूक फक्त १४ ची. एकाकडे कमी पडलेला माल दुसऱ्याकडे पडून होता, पण मध्ये शेकडो किलोमीटर आणि दोन वेगळी कुलपं होती.

हा आठवडा जरा नशिबाचा होता. दर वेळी चूक इतकी छान जिरत नाही. नेहमी किती जिरते, याचं मोजमाप संख्याशास्त्र देतं. सरासरीपासून विक्री साधारण किती हलते हे सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण विचलन म्हणतात. आपल्या डेपोंसाठी ते ३० धरू. गंमत अशी, की डेपोंची मागणी एकमेकांवर अवलंबून नसेल तर ही विचलनं थेट एकमेकांत मिळवता येत नाहीत, त्यांचे वर्ग मिळवायचे असतात. तीसचा वर्ग ९००. नऊ डेपोंचे मिळून ८,१००. त्याचं वर्गमूळ ९०. नऊ डेपोंचे हेलकावे वेगवेगळे धरले तर २७० होतात, एकत्र धरले तर फक्त ९०. नऊचं वर्गमूळ तीन. नऊपट मागणीला तीनपटच हेलकावा, हेच ते वर्गमुळाचं गणित.

आता हे साठ्यात उतरवू. डेपोने माल मागवल्यापासून तो उतरेपर्यंत चार आठवडे लागतात असं धरू. या चार आठवड्यांतला हेलकावाही त्याच नियमाने वाढतो: चारचं वर्गमूळ दोन, म्हणून ३० चे ६० होतात. माल येईपर्यंतच्या काळात २० पैकी १९ वेळा तुटवडा पडू नये, असं कंपनीचं धोरण असेल तर या ६० ला १.६५ ने गुणायचं. उत्तर ९९. म्हणजे सरासरी विक्रीसाठी लागणाऱ्या मालाच्या वर प्रत्येक डेपोने ९९ मिक्सर निव्वळ अडीअडचणीसाठी ठेवायचे. हाच सुरक्षा साठा. गोदामातली माणसं त्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात. नऊ डेपोंचा मिळून तो ८९१ होतो.

नागपूरजवळ एकच गोदाम केलं, तर आठवड्याचा हेलकावा ९०, चार आठवड्यांचा १८० आणि त्याच भरवशासाठी सुरक्षा साठा २९७. तोच भरवसा, एकतृतीयांश साठा. वाचलेल्या ५९४ मिक्सरची किंमत नगाला २,००० रुपये धरली तरी जवळपास १२ लाख होते, आणि हे झालं एकाच मॉडेलचं.

सूत्राच्या रूपात सांगायचं तर नवा सुरक्षा साठा म्हणजे जुना साठा गुणिले नव्या आणि जुन्या गोदामसंख्येच्या भागाकाराचं वर्गमूळ. डेव्हिड मेस्टर यांनी १९७६ मध्ये साठ्याच्या केंद्रीकरणावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच या 'वर्गमुळाच्या नियमा'चा उल्लेख होता. तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, गॅरी एपेन यांनी 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात त्याला काटेकोर गणिती पाया दिला. डेपोंच्या मागण्या एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत यावर फायदा कसा ठरतो, हेही त्यांनी दाखवलं. एपेन यांच्या लेखाचा हा दुसरा भाग व्यवहारात अधिक कामाचा आहे, आणि नेमका तोच विसरला जातो.

त्याआधी वर्गमुळाची एक खोड पाहायला हवी. नऊपैकी एक डेपो बंद करून आठ ठेवले तर सुरक्षा साठा जेमतेम ५१ नगांनी घटतो. नवावरून चारवर आलं, तर ८९१ चे ५९४ होतात. पाच डेपो मोडून २९७ वाचले. चारवरून एकावर आलं की आणखी २९७ वाचतात, आणि या वेळी तीनच डेपो मोडावे लागतात. शेवटच्या दोनांचं एक करताना तर एका झटक्यात १२३ नग सुटतात. जितकी गोदामं कमी, तितकी पुढची बंद करण्यात कमाई जास्त. एकदा कात्री हातात घेतलेला व्यवस्थापक चारवर न थांबता एकाकडे का ओढला जातो, ते यावरून कळतं. अडचण अशी की अंतराचा आणि धोक्याचा खर्चही याच शेवटच्या टप्प्यात उसळी मारतो.

आता चुकांकडे. सर्वांत जास्त घडणारी चूक साध्या गुणाकाराची आहे. कोणीतरी ताळेबंदातला एकूण साठा घेतो आणि सरळ तीनने भागून मोकळा होतो. पण वर्गमुळाचा नियम फक्त सुरक्षा साठ्याला लागू आहे. डेपोत त्याखेरीज रोजच्या विक्रीचा माल असतो. दर चार आठवड्यांनी ४०० नगांचा ट्रक येत असेल, तर तो संपत संपत पुढचा येईपर्यंत सरासरी २०० नग तिथे असतातच. म्हणजे प्रत्येक डेपोत २०० अधिक ९९, एकूण २९९ आणि नऊ डेपोंत २,६९१. तीनने भागणारा माणूस ८९७ चं स्वप्न पाहतो. प्रत्यक्षात मालाच्या खेपा पूर्वीच्याच अंतराने येत राहिल्या, तर नव्या गोदामात १,८०० अधिक २९७, म्हणजे २,०९७ नग राहतील. कपात ६७ टक्के नव्हे, २२ टक्के. एका ठिकाणी मोठी मागणी आल्यावर कारखान्यातून दर आठवड्याला भरलेला ट्रक सोडणं परवडतं आणि त्यामुळे हे १,८०० सुद्धा बरेच खाली येऊ शकतात. तो फायदाही खरा आहे, पण तो खेपांचा वेग वाढवल्याचा आहे. खेपांचं वेळापत्रक न बदलता त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक जास्त खोल आहे. चुका एकमेकींत जिरतात, कारण भिवंडीत मागणी चढते तेव्हा बेंगळुरूत ती चढेलच असं नसतं. सगळीकडे एकदमच चढत असेल तर जिरायला काही उरत नाही. नऊही डेपोंची मागणी पूर्णपणे हातात हात घालून हलत असेल, तर एक गोदाम केल्यावरही ८९१ च नग लागतील. या बांधिलकीला सहसंबंध म्हणतात. तो शून्य ते एक या पट्टीवर मोजू. शून्य असताना २९७ लागले. तो ०.२ झाला तर साधारण ४७९ लागतात, ०.५ झाला तर ६६४. थोडासा सहसंबंध आला तरी फायद्याला मोठी गळती लागते.

मिक्सरच्या बाबतीत पहिला आक्षेप येतो तो दिवाळीचा. दिवाळीत सगळीकडेच मिक्सर खपतात, मग सहसंबंध मोठाच नाही का? इथे नीट पाहायला हवं. दिवाळी कधी आहे हे कंपनीला वर्षभर आधी ठाऊक असतं. त्यासाठीचा माल हा ठरवून बनवलेला माल असतो, त्याला सुरक्षा साठा म्हणत नाहीत. सुरक्षा साठा लागतो तो अंदाज चुकतो त्यासाठी. म्हणून विक्रीचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. अंदाज आणि विक्री यांतला फरक ताडायचा असतो. दिवाळीचा अंदाज बरोबर असेल, तर सगळीकडे एकदम विक्री चढूनही गोदाम एकत्र केल्याचा फायदा टिकतो. याउलट एअर कूलरचं आहे. मार्चमध्येच अनपेक्षित ऊन तापलं तर इंदूर, जयपूर, रायपूर, अहमदाबाद सगळे एकदम ओरडू लागतात, कारण चूक सगळ्यांची एकाच दिशेने आणि एकाच कारणाने झालेली असते. कूलरच्या कंपनीने मिक्सरच्या कंपनीचा हिशेब उचलला तर उन्हाळ्यात हात चोळत बसावं लागेल.

तिसऱ्या प्रकारचा सहसंबंध कंपनी स्वतःच तयार करते. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत कुठल्याही डेपोत डोकावलं तर तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. टार्गेट गाठायचं असतं. विक्री अधिकारी डीलरला फोन करून म्हणतो, "दादा, वीस नग जास्त घ्या, स्कीम लावून देतो." रात्री उशिरापर्यंत बिलं फाटत असतात, हमाल टेम्पो भरत असतात आणि धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. एक तारखेला डेपो सुनसान. हे नऊही डेपोंत एकाच रात्री घडतं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला एकतीस तारखेचं काहीच सोयरसुतक नसतं, पण आकड्यांत मात्र सगळे डेपो एका तालावर नाचताना दिसतात. अशा कंपनीने गोदाम एकत्र करण्याआधी स्कीमचं वेळापत्रक बदललं, तर भाड्याचा एक रुपयाही न खर्च करता तिचे हेलकावे कमी होतील. हे मात्र कोणी सुचवत नाही, कारण टार्गेट ज्याचं असतं तोच बैठकीच्या अध्यक्षस्थानी असतो.

स्वतःच्या कंपनीत हा फायदा किती मिळेल, हे पाहायला सल्लागार लागत नाही. एका एक्सेल शीटमध्ये B ते J या नऊ स्तंभांत नऊ डेपोंचे गेल्या ५२ आठवड्यांचे अंदाजातले फरक भरायचे; दुसऱ्या ओळीपासून त्रेपन्नाव्या ओळीपर्यंत. मग एवढंच:

```
K2:   =SUM(B2:J2)
B55:  =STDEV.S(B2:B53)
K55:  =STDEV.S(K2:K53)
K56:  =K55/SUM(B55:J55)
```

पहिलं सूत्र K53 पर्यंत खाली ओढायचं आणि दुसरं J55 पर्यंत उजवीकडे. K56 मध्ये ०.३३ च्या आसपास आकडा आला, तर वर्गमुळाचा नियम या कंपनीला जवळपास पूर्ण लागू आहे. ०.७५ आला तर सुरक्षा साठा पाऊणपट राहणार, म्हणजे पाव वाचणार. आकडा एकाच्या जवळ आला तर विषय तिथेच सोडलेला बरा. एक सावधगिरी मात्र हवी. ज्या आठवड्यात डेपोतला माल संपला होता, त्या आठवड्याची विक्री म्हणजे मागणी नव्हे. असे आठवडे तसेच ठेवले तर हेलकावा खोटाच कमी दिसतो. ते वेगळे काढावेत, किंवा परत गेलेल्या ऑर्डरी मिळवून दुरुस्त करावेत.

हाच आकडा डेपो लहानमोठे असल्याचाही हिशेब आपोआप ठेवतो. सारख्या आकाराच्या दोन डेपोंचं एक केलं तर सुरक्षा साठा २९ टक्क्यांनी घटतो. पण एकाचा हेलकावा १०० आणि दुसऱ्याचा २० असेल, तर १२० ऐवजी १०२ लागतात; कपात फक्त १५ टक्के. मोठ्या डेपोत लहान डेपो विरघळवून फारसं हाती लागत नाही. भिवंडीचा खप बाकीच्यांच्या दहापट असणाऱ्या कंपनीने 'नऊचं वर्गमूळ तीन' हे वाक्य विसरून जावं.

समजा K56 चा आकडा उत्तम आला. तरी नागपूरच्या एका गोदामातून चेन्नई हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि जयपूरही त्याच घरातलं. पूर्वी चेन्नईचा डीलर सकाळी फोन करायचा आणि संध्याकाळी टेम्पो दारात असायचा. आता ट्रकला दोनतीन दिवस लागतात. डीलर काही भाबडा नसतो. तो दुकानामागच्या खोलीत पाचऐवजी बारा मिक्सर ठेवू लागतो. कंपनीच्या पुस्तकातला साठा घटला, पण तो नाहीसा झाला नाही; शेकडो दुकानांत वाटला गेला. तिथे तर चुका जिरवण्याची काहीच सोय नसते, कारण प्रत्येक दुकान हे एकेक लहानसं गोदामच. हे घडतंय का, हे ओळखायची खूण साधी आहे. गोदाम एकत्र केल्यावर पहिल्या दोनतीन महिन्यांत कंपनीची डीलरला होणारी विक्री वाढते, पण डीलरची गिऱ्हाइकाला होणारी विक्री वाढत नाही. विक्री विभाग पेढे वाटतो आणि चौथ्या महिन्यात ऑर्डरी अचानक आटतात.

म्हणूनच सगळा माल एकाच तराजूत घालणं चुकीचं ठरतं. याच कंपनीचा एखादा सुटा भाग घ्या, जो प्रत्येक डेपोतून आठवड्याला सरासरी एकच जातो. अशा तुरळक मागणीचा चार आठवड्यांचा हेलकावा साधारण दोन नगांचा असतो. सुरक्षा साठा ३.३ येतो, पण सव्वातीन भाग कोणी ठेवू शकत नाही, म्हणून चार. नऊ डेपोंत ३६. एकत्र केलं तर हेलकावा सहा आणि साठा दहा. इथे वर्गमुळाने एकतृतीयांश केलं आणि पूर्णांकाच्या सक्तीतून सुटल्यामुळे थोडं आणखी वाचलं. शिवाय सुटा भाग हलका असतो. कुरिअरने पाठवला तर वाहतूक जड जात नाही आणि दोन दिवस थांबायला गिऱ्हाईक तयार असतं. सर्वाधिक खपणाऱ्या मिक्सरचं याच्या उलट असतं. त्याचे हेलकावे सरासरीच्या मानाने लहान असतात, खोके मोठे असतात आणि दुकानात नसला तर गिऱ्हाईक शेजारच्या कंपनीचा घेऊन जातं. सावकाश खपणारा, हलका आणि महाग माल एका जागी. भराभर खपणारा, जड माल जवळच्या चारपाच गोदामांत. वस्तू आणि सेवा करानंतर अनेक कंपन्या राज्यागणिक डेपो सोडून विभागवार मोठ्या 'मदर वेअरहाऊस'कडे वळल्या, पण अगदी एकावर फार थोड्या आल्या, त्यामागे हाच हिशेब आहे.

तरीही एकावर येणारे असतात, आणि काय होऊ शकतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथल्या केएफसीच्या जवळपास ९०० दुकानांना कोंबडी पुरवण्याचं काम १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बिडवेस्ट या जुन्या पुरवठादाराकडून डीएचएलकडे गेलं. बिडवेस्ट अनेक गोदामांतून माल पाठवत असे. डीएचएलने तो इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या रग्बी या गावातल्या एका गोदामातून पाठवायचं ठरवलं. नकाशावर पाहिलं तर जागा चोख होती. पहिल्याच दिवशी रग्बीजवळच्या महामार्गावर अपघात झाले आणि ट्रक अडकले. नव्या व्यवस्थेची घडी आधीच बसलेली नव्हती. आत मालाचा ढीग, बाहेर ट्रकची रांग आणि दुकानांत कोंबडी नाही. काही दिवसांत निम्म्याहून जास्त दुकानांना टाळं लागलं. कोंबडी विकणाऱ्या दुकानात कोंबडीच नाही, यावर देशभर हसू झालं, आणि कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन माफी मागितली.

दोष सगळा एका गोदामाचा नव्हता. संगणकप्रणाली, माणसं आणि करार असं सगळंच एका दिवसात बदललं होतं. पण वर्गमुळाच्या हिशेबात जी गोष्ट येतच नाही, ती इथे उघडी पडली. ते सूत्र मागणीच्या हेलकाव्यांबद्दल बोलतं. गोदामच बंद पडलं तर काय, याबद्दल ते मुकं आहे. नऊ गोदामांपैकी एकाला आग लागली तर एकनवमांश गिऱ्हाइकांची पंचाईत होते आणि नऊही एकाच दिवशी पेटण्याची शक्यता नगण्य असते. एकच गोदाम असेल तर आगीची पाळी क्वचित येते, पण आली की सगळ्यांची येते. मागणीच्या अनिश्चिततेसाठी एकत्र येणं चांगलं, पुरवठ्याच्या अनिश्चिततेसाठी विखुरलेलं राहणं चांगलं. दोन्ही गणितं बरोबर आहेत आणि ती विरुद्ध दिशांना ओढतात. त्यातही ताज्या कोंबडीचा सुरक्षा साठा असून असून किती असणार? दोनतीन दिवसांत खराब होणाऱ्या मालात एकत्रीकरणातून वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. धोका मात्र पूर्ण घेतला गेला.

मार्च २०१८ मध्ये केएफसीने ब्रिटनच्या उत्तरेकडच्या सुमारे ३५० दुकानांचा पुरवठा पुन्हा बिडवेस्टकडे सोपवला.